उताऱ्यात नसलेलं वाक्य

पुण्यात मी क्लॅटच्या, म्हणजे कायद्याच्या प्रवेशपरीक्षेच्या, मुलांना लॉजिकल रीझनिंग शिकवते. परीक्षेचा पेपर इंग्रजीत असतो, १२० प्रश्न आणि १२० मिनिटं, चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण जातो. चर्चा मात्र आमची मराठीत चालते, कारण मुलं सोलापूर, बार्शी, लातूरहून आलेली असतात आणि वाद घालायचा तर आपल्याच भाषेत घालतात. गेल्या पावसाळ्यातला एक शनिवार मला अजून स्वच्छ आठवतो. त्या दिवशी वर्गाने माझीच उत्तरतालिका बदलायला लावली.

सराव परीक्षेत मी स्वतः रचलेला एक छोटा उतारा होता. तो असा: एका शहराने जानेवारीत बसचं भाडं निम्मं केलं. पुढच्या सहा महिन्यांत शहराच्या मध्यभागातल्या चार रस्त्यांवरून धावणाऱ्या दुचाकी दहा टक्क्यांनी घटल्या. तेव्हा भाडं उतरल्यामुळेच लोकांनी दुचाकी घरी ठेवून बस धरली, हे उघड आहे.

पहिला प्रश्न युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करणाऱ्या पर्यायाचा होता. बरोबर पर्याय होता, ‘त्याच सहा महिन्यांत पेट्रोलचे दर झपाट्याने वाढले.’ वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी तो सोडून ‘गर्दीच्या वेळी बसमध्ये बसायला जागा मिळत नाही’ हा पर्याय धरला होता. का, असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, पेट्रोलचं उताऱ्यात कुठंच नाहीये. तुम्हीच सांगता ना, उताऱ्याबाहेर जायचं नाही म्हणून?”

सांगते मी, पण ते अनुमानाच्या प्रश्नांसाठी. मी फळ्यावर दोन बाण काढले. अनुमानाच्या प्रश्नात उतारा खरा धरायचा आणि त्यावर पर्याय तपासायचा, म्हणजे बाण उताऱ्याकडून पर्यायाकडे जातो. तिथे बाहेरून काहीही आणलं की उत्तर चुकलं. कमकुवत किंवा बळकट करणाऱ्या प्रश्नात बाण उलटा फिरतो. ‘पुढीलपैकी कोणतं विधान खरं असेल तर’ अशी प्रश्नाची सुरुवातच असते. म्हणजे पर्याय खरा आहे हे आधी मान्य करायचं आणि मग त्याने निष्कर्षाचं काय होतं ते बघायचं. पर्यायात नवी माहिती येणारच, ती आणण्यासाठीच तर तो असतो. पेट्रोल महागलं असेल तर दुचाकी कमी होण्याला दुसरं कारण सापडतं आणि ‘भाड्यामुळेच’ हा शब्द डळमळतो. बसमध्ये जागा नसते हे खरं मानलं तरी दुचाकी का घटल्या यावर ते काहीच बोलत नाही. जागा नसतानाही लोक उभ्याने गेले असतील.

इथपर्यंत नेहमीचा तास होता. पुढचा प्रश्न बळकट करणाऱ्या पर्यायाचा होता. माझ्या तालिकेत उत्तर होतं, ‘तेवढ्याच आकाराच्या शेजारच्या शहरात बसभाडं कमी झालं नाही आणि तिथल्या मध्यवर्ती रस्त्यांवरच्या दुचाकीही कमी झाल्या नाहीत.’ दुसरा एक पर्याय मी मुद्दाम फसवा म्हणून घातला होता: ‘त्या सहा महिन्यांत मध्यवर्ती रस्त्यांवरच्या थांब्यांवरून विकल्या गेलेल्या बसतिकिटांची संख्या लक्षणीय वाढली.’ तो बाद करण्याचं कारणही मी लिहून ठेवलं होतं. लोक बसने जाऊ लागले हे उताऱ्यातच सांगितलंय, दिलेलीच गोष्ट पुन्हा सांगून युक्तिवाद बळकट होत नाही.

बार्शीची एक मुलगी उठली. एरवी ती फारशी बोलत नाही. “मॅडम, बसचे प्रवासी वाढले असं उताऱ्यात कोणत्या वाक्यात आहे?”

मी म्हटलं, “शेवटच्या वाक्यात. लोकांनी बस धरली.”

“पण ते तर लेखकाचं मत आहे. त्याला दिसलं काय, तर भाडं उतरलं आणि दुचाकी घटल्या. बसमध्ये कोण चढलं ते त्याने मोजलेलंच नाही.”

मी उतारा पुन्हा वाचला. माझ्या हाताने लिहिलेला उतारा, आणि प्रत्येक वेळी वाचताना मला त्यात भरलेल्या बस दिसत होत्या. कागदावर त्या नव्हत्या. तिसरं वाक्य छापलेलं होतं, पण पुरावा म्हणून नव्हे, दावा म्हणून. उताऱ्याने आपल्याला दिलेल्या गोष्टी दोनच, भाड्याची कपात आणि चार रस्त्यांवरची दुचाकींची घट. शहरातल्या एकूण दुचाकी घटल्या असंही त्यात नाही, त्या चार रस्त्यांपुरतंच आहे. दुचाकी सोडणारे लोक बसमध्ये गेले हा मधला दुवा लेखकाने गृहीत धरला होता, आणि त्याच्या जोडीने मीही. तिकिटांचा पर्याय नेमका त्या मोकळ्या जागेत बसत होता.

मागच्या बाकावरून हरकत आली, आणि ती चांगली होती. “तिकिटं वाढली म्हणून काय झालं? आधी पायी जाणारे लोक आता स्वस्त बसने जात असतील. दुचाकीवाले दुसऱ्याच रस्त्याने जात असतील.” बरोबर आहे, तसं असू शकतं. पण बळकट करणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे. तिकिटं वाढल्याचं कळण्याआधी निष्कर्षावर तुमचा जेवढा विश्वास होता, त्याहून तो कळल्यावर वाढला का, एवढंच विचारायचं. मी वर्गाला उलटं धरून बघायला सांगितलं: तिकिटं वाढलीच नाहीत असं कळलं तर? सगळे म्हणाले, मग लेखकाचं म्हणणं जवळजवळ कोसळतं. म्हणजे हा पर्याय निरुपयोगी नव्हता.

मग तालिकेतलं उत्तर चूक का? तेही चूक नव्हतं. शेजारच्या शहरात दुचाकी टिकून राहिल्या, तर पेट्रोलसारखी दोन्ही शहरांना सारखीच लागणारी कारणं मागे पडतात. एक पर्याय मधला दुवा जोडत होता, दुसरा पर्यायी कारणं दूर सारत होता. यातलं ‘सर्वाधिक’ कोणतं, हे ठरवायला उताऱ्यात काहीच आधार नव्हता. तासभर वाद घालूनही कुठलीच बाजू दुसरीला खोडू शकली नाही, तेव्हा मी दोन्ही उत्तरांना गुण दिले. मुलं अशा बाबतीत हळवी असतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही. २०२४च्या डिसेंबरात क्लॅटच्या दोन उत्तरांवरून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं आणि न्यायालयाने ती उत्तरं चुकीची ठरवली होती. एका उत्तराने यादीतला क्रमांक कितीतरी घसरतो.

त्या रात्री बसून मी जुन्या सराव पेपरांतले माझे सगळे उतारे काढले. प्रत्येकातली पुराव्याची वाक्यं निळ्या पेनने अधोरेखित केली, लेखकाचे दावे लाल पेनने. ‘म्हणून’, ‘तेव्हा’, ‘हे उघड आहे’ हे शब्द दिसले की पेन बदलायचं. ‘उघड आहे’पाशी मी सर्वांत जास्त थांबले, कारण लेखकाकडे दाखवायला काही नसतं तिथेच हा शब्दप्रयोग हमखास येतो. चार प्रश्नांत मी लाल वाक्याला निळं समजून पर्याय बाद केले होते.

सोमवारी बसच्या उताऱ्यात एक वाक्य वाढवलं: ‘याच काळात मध्यवर्ती थांब्यांवरची तिकीटविक्री वाढली.’ आता तिकिटांचा पर्याय खरोखरच पुनरुक्ती ठरला आणि शेजारच्या शहराचा एकटा उरला. छापायला देण्याआधी कागद त्या मुलीच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला, ‘चार रस्त्यांवरून’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाली, “मॅडम, शेजारच्या शहराच्या पर्यायात ‘त्याच सहा महिन्यांत’ लिहायचं राहिलंय.”