मुदतवाढीच्या पत्रात तापाबद्दल दोन ओळी, कोडबद्दल बाकी सगळं

«मॅडम, मला डेंग्यू झालाय आणि शुक्रवारी प्रोग्रामिंगची असाइनमेंट द्यायची आहे. सरांना मुदत वाढवून मागायचा मेल कसा लिहू? बहाणा वाटायला नको.»

तापाबद्दल दोन ओळी पुरतात. त्यापुढचं पत्र कोडबद्दल असू दे.

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर्स शिकवते. पावसाळा संपत आला की असे मेल येऊ लागतात, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांना खरोखरच बरं नसतं. तरीही आपण खरे आहोत हे पटवण्यातच मुलं सगळं पत्र घालवतात. ताप किती, प्लेटलेट्स किती, हाताला सलाईन लावल्याचा फोटो. वाचून जीव कळवळतो, पण मला जे ठरवायचं असतं ते यातून ठरत नाही. प्लेटलेट्सच्या आकड्यावरून किती दिवस द्यायचे हे मी कसं सांगू? मी डॉक्टर नाही, आणि तुमचा रक्ताचा रिपोर्ट माझ्या इनबॉक्समध्ये पडून राहावा असंही मला वाटत नाही. आजाराचं नाव, कधीपासून आणि डॉक्टरांनी कधीपर्यंत विश्रांती सांगितली, एवढं मला पुरतं. सर्टिफिकेट हातात नसेल तर मागाहून पाठवा, त्यासाठी मेल अडवून ठेवू नका.

मला ठरवायचं असतं ते असं: काम किती उरलंय, ते कोणत्या तारखेला पुरं होईल, आणि ती तारीख मी वर्गात उत्तर सोडवून दाखवण्याच्या आधी येते का. एकदा फळ्यावर उत्तर आलं की त्यानंतर जमा होणाऱ्या कोडला मी इतरांसारखे गुण देऊ शकत नाही. शिवाय टर्मवर्कचे गुण पुढं पाठवायची तारीख माझ्या हातात नसते. असाइनमेंटची मुदत विषयाचे शिक्षक वाढवू शकतात, पण ती टर्मवर्कच्या तारखेपलीकडे जात असेल तर विभागप्रमुखांकडे जावं लागतं. म्हणून मागताना तारीख तुम्हीच सुचवायची. «थोडी मुदत द्या» असं लिहिलं तर मला उलट विचारावं लागतं, आणि तापात तुम्हाला पुन्हा उत्तर लिहीत बसावं लागतं.

एका विद्यार्थिनीनं पाठवलेला मेल मी आता नमुना म्हणून दाखवते, तिला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं काढून. असाइनमेंट होती सी भाषेत एव्हीएल ट्री लिहिण्याची.

«विषय: एव्हीएल ट्री असाइनमेंट, मुदतवाढीची विनंती

आदरणीय मॅडम,

मला सोमवार, ८ सप्टेंबरपासून ताप आहे. तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी बुधवार, १७ तारखेपर्यंत विश्रांती सांगितली आहे. सर्टिफिकेट मिळताच पाठवते.

असाइनमेंटची मुदत उद्या, शुक्रवारी आहे. `insert`, `search` आणि चारही रोटेशन्स झाली आहेत. तुम्ही दिलेल्या २० टेस्टपैकी १३ पास होतात. उरलेल्या ७ `delete` च्या आहेत. `delete` लिहायला घेतलं आहे, पण नोड काढल्यावर काही वेळा झाडाचा तोल परत येत नाही. चालणारा कोड रविवारी `main` वर पुश केला होता. अर्धवट `delete` आज `wip-delete` या ब्रँचवर ठेवलं आहे.

उरलेल्या कामाला साधारण सहा तास लागतील. १८ तारखेपासून रोज सव्वा तास बसता येईल असं वाटतं. २३ तारखेला तुम्ही वर्गात उत्तर सोडवून दाखवणार आहात, म्हणून सोमवार, २२ सप्टेंबर, रात्री ११:५९ पर्यंत मुदत मिळावी अशी विनंती आहे.

ते शक्य नसेल तर `main` वरचं काम शुक्रवारचं म्हणून धरावं.

आपली विद्यार्थिनी»

हा मेल वाचून उत्तर द्यायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्यात सगळ्यात कामाचं वाक्य कोणतं, तर «नोड काढल्यावर काही वेळा तोल परत येत नाही». हा विषय शिकवणाऱ्या कुणालाही त्यातून गाडी नेमकी कुठं अडली आहे ते दिसतं. `insert` लिहिताना कोणतं रोटेशन करायचं हे आपण नव्या किल्लीवरून ठरवतो, कारण ती ज्या बाजूला गेली त्याच बाजूला उंची वाढलेली असते. `delete` मध्ये किल्ली निघून गेलेली असते, आणि जड राहिलेली बाजू तिच्या विरुद्ध असते. तिथं किल्लीशी तुलना करून काहीच कळत नाही. मुलाचाच तोल बघावा लागतो:

```c
/* insert: डावी बाजू जड, साधं उजवं रोटेशन */
if (bal > 1 && key < node->left->key)

/* delete: तीच स्थिती */
if (bal > 1 && balance(node->left) >= 0)
```

इथं `bal` म्हणजे डाव्या बाजूची उंची वजा उजव्या बाजूची. दुसऱ्या ओळीतलं `>= 0` महत्त्वाचं आहे. `insert` मध्ये तोल बिघडला तेव्हा मुलाचा तोल शून्य असण्याची वेळ येतच नाही, `delete` मध्ये येते. त्यात भर म्हणजे `insert` नंतर एका ठिकाणी दुरुस्ती केली की झाड सावरतं, `delete` नंतर मात्र मुळापर्यंत प्रत्येक पायरीवर पुन्हा तपासावं लागू शकतं. म्हणून `insert` चा कोड तसाच उचलून `delete` मध्ये टाकला की थोड्या टेस्ट पास होतात आणि बाकीच्या का पडतात ते कळत नाही. हे शोधून काढायला आणि नीट तपासायला सहा तास हा प्रामाणिक अंदाज आहे. तिनं «कोड जवळपास झालाय» एवढंच लिहिलं असतं तर मी दोन दिवस दिले असते, आणि ते पुरले नसते.

तारखेचा हिशेब तिनं कसा केला तेही बघा. विश्रांतीचे दिवस तिनं कामात धरलेच नाहीत. डेंग्यूच्या बाबतीत हे मी फार आग्रहानं सांगते. ताप सहसा दोन ते सात दिवस राहतो, आणि तो उतरला की मुलांना वाटतं, सुटलो, आता लॅपटॉप उघडू. पण धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो आणि पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास जपावं लागतं. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर मेल बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठा. त्यानंतरही थकवा काही आठवडे राहू शकतो. रोज चार तास बसेन असं धरून तारीख मागितली तर ती चुकते, आणि दुसऱ्यांदा मागणं पहिल्यापेक्षा जड जातं. वेळही स्पष्ट लिहा. «सोमवारी रात्री १२» म्हणजे रविवार संपतानाचे की सोमवार संपतानाचे, यावरून दर वर्षी घोळ होतो. ११:५९ लिहिलं की प्रश्न मिटतो.

तुम्हाला बहाणा वाटण्याची भीती आहे, तर तिच्यावर उपाय पत्राच्या शब्दांत शोधू नका. तो तुमच्या रिपॉझिटरीत असतो. मेल पाठवण्याआधी, उठून बसवत असेल तर, जे आहे ते पुश करा. कंपाइल होत नसलेला कोड `main` वर टाकून चालणाऱ्या टेस्ट पाडू नका. वेगळी ब्रँच काढा:

```
git switch -c wip-delete
git add avl.c
git commit -m "delete incomplete, rebalancing fails"
git push -u origin wip-delete
```

इथं एक बारकावा आहे. कमिटवरची तारीख तुमच्या लॅपटॉपच्या घड्याळावरून येते आणि ती बदलता येते, म्हणून निव्वळ तेवढ्यावर कुणी शिक्षक विसंबत नाहीत. पुश कधी झालं याची नोंद सर्व्हरकडे असते. आठवडाभर काम करून सगळं लॅपटॉपवरच ठेवलं असेल तर ते खरं असूनही दाखवता येत नाही. उलट, आजारी पडायच्या आधीचे दोन-तीन पुश दिसले की मला सर्टिफिकेटची घाईही वाटत नाही.

उठवतच नसेल तर यातलं काही करू नका. फोनवरून मुदत संपायच्या आत दोन ओळी पाठवा: «सर, डेंग्यू झालाय, ॲडमिट आहे. असाइनमेंट अपुरी आहे, सविस्तर दोन दिवसांनी लिहिते.» रूममेटनं किंवा घरच्यांनी तुमच्या वतीनं पाठवलं तरी चालतं. मुदत उलटून गेल्यावर आलेल्या लांब पत्रापेक्षा आधी आलेल्या या दोन ओळींवर मी जास्त काही करू शकते. जोडीनं करायची असाइनमेंट असेल तर जोडीदारालाही त्याच मेलमध्ये घ्या आणि कोणता भाग कुणाचा ते लिहा. नाहीतर तुमच्या तापाचा दंड त्याला बसतो, किंवा त्याला न मागता सवलत मिळते, आणि दोन्ही चुकीचं आहे.

सर हो म्हणाले की आणखी एक काम उरतं. मूडलवर `Due date` आणि `Cut-off date` अशा दोन तारखा असू शकतात. पहिली उलटली की उशीर लागतो, दुसरी उलटली की जमा करायची सोयच बंद होते. मुदतवाढ एकेका विद्यार्थ्याच्या नावावर वेगळी द्यावी लागते. तोंडी हो म्हणून ती नोंदवायची राहून गेली तर २२ तारखेच्या रात्री तुमच्यापुढं बंद पान येईल. म्हणून उत्तर आल्यावर दुसऱ्या दिवशी मूडल उघडून आपल्या पानावर नवी तारीख दिसते का ते पाहा, दिसत नसेल तर त्याच मेलला उत्तर देऊन एका ओळीत आठवण करा.

आणि सर नाही म्हणाले तर शुक्रवारी १३ टेस्ट पास होणारं `main` जमा करा. `delete` च्या जागी रिकामं फंक्शन राहू द्या, म्हणजे फाइल कंपाइल होईल आणि बाकीच्या टेस्टचे गुण मिळतील. वरच्या कॉमेंटमध्ये काय उरलं ते लिहा. ओरलला `delete` बद्दल विचारलं जाणारच आहे, तोवर ते कागदावर सोडवून ठेवा.