विकारी-अविकारी पेटी: विभक्तीच्या कसोटीवर अडलेलं काम

शब्दांची कार्डं करून ती विकारी (रूप बदलणारे शब्द) आणि अविकारी (कधीच न बदलणारे) अशा कप्प्यांत लावायचं काम चालू आहे. मागच्या नोंदीनंतर विशेषणांचा कप्पा झटपट लागला. आ-कारान्त असेल तर बहुधा बदलतं (काळा, काळी, काळे), नसेल तर बहुधा जसंच्या तसं राहतं (लाल, कडू, गोड). 'जादा' मात्र आ-कारान्त असूनही हलत नाही: जादा गाडी, जादा पैसे. त्याचं कार्ड वेगळं काढताना फार समाधान वाटलं. मग नामं आणि क्रियाविशेषणं एकत्र घेतली आणि गाडं रुतलं.

स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत एका ओळीचा नियम असतो: विभक्तीचा प्रत्यय लागला तर शब्द विकारी, नाही लागला तर अविकारी. ही ओळ छापणं आता बंद व्हायला हवं. 'काल' घ्या: कालचा पेपर. 'आज': आजची भाजी. 'परवा': परवाची गाडी. प्रत्यय सगळीकडे बिनबोभाट लागतात, आणि हे सगळे शब्द क्रियाविशेषण अव्ययं, म्हणजे अविकारीच आहेत.

म्हणून प्रत्ययाऐवजी त्याच्या आधी काय होतं ते बघायला लागलो, म्हणजे सामान्यरूप. 'काळ' हे नाम, त्याचं 'काळाचा' होतं. 'काल'चं 'कालचा' होतं, मधे 'आ' येत नाही. दोन कार्डं शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. इथे प्रश्न सुटला असं वाटलं, आणि पुढचं कार्ड निघालं आपल्याच गावाचं.

नागपूरला, नागपूरचा, नागपूरहून. कुठेच सामान्यरूप नाही. 'घर'सुद्धा अ-कारान्त नपुंसकलिंगीच, पण आपण 'घरला' म्हणत नाही, 'घराला' म्हणतो. मग नागपूर अव्यय झालं का? नाही, कारण 'नागपुरात' आणि 'नागपुरास' म्हणताना तोच शब्द बदलतो. लिहितानाही हे पकडता येतं. १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ, पण सामान्यरूपात उपान्त्य ऊ ऱ्हस्व होतो. म्हणून 'नागपूरला' दीर्घ आणि 'नागपुरात' ऱ्हस्व. शब्द बदलला की नाही, ते त्या एका उकारावरून कळतं.

मग विदर्भातली गावं काढून बसलो. भंडाऱ्याला, वर्ध्याला: आ-कारान्त नावं बहुधा 'ला'पुढेही बदलतात. काटोलला, रामटेकला, चंद्रपूरला: व्यंजनाचा उच्चार शेवटी असलेली बदलत नाहीत. आपल्या बोलीत 'ला'चं 'ले' होतं, तरी वाटणी तीच राहते: भंडाऱ्याले, पण काटोलले. माणसांच्या नावांतही हेच चालतं, 'मोहनला' म्हणतात, 'मोहनाला' क्वचितच. आणि विशेषनामांवरच हे थांबत नाही. 'रात्रीचा' म्हणतो, पण 'सकाळचा' म्हणतो, आणि सकाळ हे तर साधं सामान्यनाम.

म्हणजे सामान्यरूपाची कसोटी एकाच बाजूने खरी आहे. शब्द बदलला तर तो नक्की विकारी. नाही बदलला तर काहीच सिद्ध होत नाही.

उरलेल्या कार्डांसाठी दुसरा प्रश्न लावला: वाक्यातलं दुसरं कोणी या शब्दाचं लिंग-वचन घेतं का? 'नागपूर वाढलं', 'जुनं नागपूर': क्रियापद आणि विशेषण दोन्ही नपुंसकलिंगी झाली. 'सकाळ झाली', 'कोवळी सकाळ': स्त्रीलिंगी. आता 'काल पाऊस पडला' आणि 'काल गारा पडल्या' बघा. क्रियापद पावसामागे गेलं, गारांमागे गेलं, 'काल'ला कोणी विचारलं नाही. या प्रश्नाने कार्डं भराभर लागली आणि मी खूश होतो.

तेवढ्यात आजी सहज बोलून गेली, "उद्या कुणी पाहिला?" 'पाहिला' पुल्लिंगी एकवचनी, आणि वाक्यात त्याला लिंग देणारा शब्द एकच: उद्या. 'उद्या येतो' मधला उद्या अव्यय, पण आजीच्या वाक्यातला उद्या नाम आहे. एकाच कार्डाला दोन कप्पे हवेत.

तेव्हा बेत बदलतोय. यापुढे कार्ड शब्दाचं नाही, वाक्याचं. वर वाक्य, शब्दाखाली रेघ, मागे दोन्ही प्रश्नांची उत्तरं. बर्डीवरून आणलेली जाड कार्डं यासाठी उत्तम आहेत, पण त्यांवर जेल पेन फासतं. शिसपेन्सिलच घ्या, खोडताही येतं. स्प्रेडशीट मोजणीला ठीक आहे, पण दोन वाक्यं शेजारी ठेवून बघायला कार्डच हवं.

आणि हे लिहिता लिहिता 'सारखा' आठवला. यादीत शब्दयोगी अव्यय, पण 'बापासारखा मुलगा' आणि 'बापासारखी मुलगी'. 'साठी' आणि 'पर्यंत' असं कधी करत नाहीत. म्हणजे दुसरा प्रश्न उलटा करावा लागेल: हा शब्द दुसऱ्याचं लिंग घेतो का? 'एवढा' आणि 'जोगा' त्याच रांगेत दिसतात. सर्वनामांचा कप्पा मागे ठेवून पुढच्या वेळी आधी हे तीन घेतो. गोंदिया-गडचिरोलीकडच्या मंडळींनी तोवर आपापल्या गावाचं नाव 'ला' आणि 'त' लावून कळवावं, ऱ्हस्व-दीर्घासकट.