एकच निरोप, तीन मसुदे

मावसभावाला गेल्या दिवाळीत दिलेले ४०,००० रुपये परत मागायचे होते आणि त्यासाठीचा मजकूर आज सकाळी मी वहीत तीन वेळा लिहिला. पहिल्या, सौम्य मसुद्यात ‘दादा, सवड झाली की पैशांचं बघशील का?’ एवढेच होते. वाचताना जाणवले की यात ना रक्कम आहे ना तारीख, त्यामुळे तो ‘बघतो’ म्हणेल आणि महिन्याभराने मलाच पुन्हा विचारावे लागेल.

कठोर मसुद्यात ‘आपण पाडव्याला पैसे देण्याचे कबूल केले होते, ते ३१ तारखेपर्यंत जमा करावेत’ असे लिहिले. मागणी रास्त होती. परंतु ज्याला जन्मभर ‘अरे दादा’ म्हटले त्याला ‘आपण’ म्हणताच वाक्य नोटिशीसारखे झाले. शिवाय ही भाषा वारंवार मुदत टळल्यानंतरची आहे, आणि त्याची तर एकदाच टळली होती.

मधला मसुदा शेवटी असा झाला: ‘दादा, दिवाळीत दिलेल्या ४०,००० रुपयांची मला पुढच्या महिन्यात घराच्या डागडुजीसाठी गरज आहे. १० तारखेपर्यंत निम्मे देता येतील का? जमत नसेल तर कोणती तारीख धरू, ते कळव.’ यातून ‘तुझी अडचण समजते, पण’ हे शब्द मी खोडले, कारण ‘पण’ आला की आधीची समजूत पुसली जाते. ‘कळव’मधले एकेरी मात्र तसेच ठेवले.

दुपारी निरोप पाठवला. संध्याकाळी दादाचा फोन आला आणि त्याने २० तारीख सांगितली.