पुण्यात एकटं राहायला आल्यावर मैत्री कशी जमते

*तुम्ही विचारलंत: "नोकरीसाठी कोल्हापूरहून एकटीच पुण्यात आलेय. वर्ष होत आलं. ऑफिसात सगळ्यांशी छान जमतं, पण रविवारी हक्कानं फोन करावा असं इथे कुणीच नाही. तिशीत खऱ्या मैत्रिणी होतात का? होत असतील तर कशा?"*

होतात. त्यासाठी तास लागतात, आणि ते कुठून आणायचे हाच खरा प्रश्न आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या लोकांचा आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचा अभ्यास केला होता. तो 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यांचा अंदाज असा, की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात, चांगली मैत्री व्हायला 90 च्या आसपास आणि जिवाभावाची व्हायला 200 पेक्षा जास्त. नुसतं एकत्र काम करण्यात गेलेला वेळ यात फारसा उपयोगी पडत नाही. ऑफिसात दिवसाचे आठ तास शेजारी बसूनही सहकारी सहकारीच राहतात, ते यामुळे.

कॉलेजात हे तास आपोआप भरायचे. आता ते जमवावे लागतात, आणि पुण्यात आलेल्यांचे सगळ्यात जास्त तास एकाच ठिकाणी सांडतात: शुक्रवारी रात्रीची स्वारगेटहून गावाकडची गाडी. आई-बाबांना भेटायला जावं, पण महिन्याचे चारही शनिवार-रविवार गावी गेले तर इथे मैत्रीला जागाच उरत नाही. शिवाय 'ती रविवारी नसतेच' असं लोकांनी एकदा धरलं की विचारणंही बंद होतं. महिन्यातून एकदाच जा आणि तो आठवडा आधीच ठरवून टाका.

उरलेले तीन रविवार एकाच ठिकाणी द्या. आज पॉटरीची कार्यशाळा, पुढच्या आठवड्यात बोर्डगेम, मग एखादी हेरिटेज वॉक, असं फिरलं की ओळखी पन्नास होतात आणि प्रत्येकीशी तास दोनच. जागा निवडताना मी तीनच गोष्टी बघायला सांगेन. तिथे दर आठवड्याला तीच माणसं येतात का, बोलायला मोकळा वेळ मिळतो का, आणि घरून अर्ध्या तासात पोहोचता येतं का. तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. हिंजवडीत राहून सदाशिव पेठेतला नाटकाचा ग्रुप धरला तर दुसऱ्या महिन्यात दांड्या सुरू होतात. खोली बदलायची असेलच, तर ग्रुप जिथे जमतो त्या बाजूला बघा.

दुसऱ्या गोष्टीसाठी ढोल-ताशा पथकाचं उदाहरण घ्या. गणेशोत्सवाच्या महिना-दोन महिने आधी संध्याकाळचा सराव सुरू होतो, नव्यांना घेतात, तास भराभर साठतात. पण वादन चालू असताना शेजारणीचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. मैत्री होते ती सरावानंतर, बोटांच्या चिकटपट्ट्या सोडवत चहाच्या गाडीवर उभं राहण्यात. सराव संपला की लगेच हेल्मेट घालून निघणारीला पथक मिळतं, मैत्रीण मिळत नाही.

तुमच्यासाठी मी दर रविवारी सिंहगड चढणारा एखादा ग्रुप निवडेन. असे ग्रुप सोसायट्यांत, ऑफिसांत, जिममध्ये असतात. पहाटे निघायचं, पायथ्याच्या आतकरवाडीतून चढायचं, वर मडक्यातलं दही किंवा पिठलं-भाकरी खायची, ऊन चढायच्या आत खाली. घरून घरी पाच तास धरा. चढताना दम लागतो आणि पायवाटेवर एकामागे एक चालावं लागतं, त्यामुळे बोलणं होत नाही. गप्पा होतात वर खाताना, उतरताना आणि परतीच्या प्रवासात. म्हणून वर पोहोचल्यावर कुणाशेजारी बसता आणि कुणाबरोबर उतरता, ते मुद्दाम ठरवा.

आता हिशोब करू. तीन रविवारांचे महिन्याला 15 तास, म्हणजे चार महिन्यांत 60. पण ग्रुप बारा जणांचा असेल तर यातले एखाद्या मुलीच्या वाट्याला फार तर 20 येतात. सहा महिने नेमानं जाऊनही 'सगळे ओळखतात, पण माझं कुणी नाही' ही तक्रार उरते, ती याचमुळे. पाचव्या-सहाव्या रविवारपर्यंत ज्यांच्याशी बोलताना वेळ कळत नाही अशा दोघीजणी ध्यानात येतात. त्यांना गडाबाहेर काढायचं. मैत्रीचं वळण इथे आहे, आणि बहुतेकजणी इथेच थांबतात.

'भेटू या कधीतरी' म्हणू नका, ते कधीच होत नाही. वार, वेळ आणि काम सांगा: "बुधवारी सातला तुळशीबागेत कुकर घ्यायला जातेय, येतेस का? नंतर काहीतरी खाऊ." कामाचं निमित्त कॉफीपेक्षा चांगलं, कारण समोरासमोर बसून विषय शोधावे लागत नाहीत, आणि नव्या शहरात कुठली वस्तू कुठे घ्यावी हे विचारण्यात आपोआप थोडी मदतही मागितली जाते. 'तिला माझा त्रास होईल' ही भीती जवळपास सगळ्यांना वाटते. अनोळखी लोकांच्या गप्पांवरच्या प्रयोगांत दिसलंय, की गप्पांनंतर समोरच्याला आपण जितक्या आवडलो असं आपल्याला वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवडलेल्या असतो.

नकार आला तर तो नीट ऐका. "बुधवारी नाही गं, शुक्रवारी चालेल?" हा होकारच आहे. नुसतं "नाही जमणार" आलं तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुन्हा विचारा. तरी तसंच उत्तर आलं तर रविवारची गंमत रविवारपुरती ठेवून दुसरीकडे वळा. तिच्या घरी लहान मूल असेल, नोकरी बदलत असेल. तुमच्यात काही कमी आहे असा त्याचा अर्थ नाही.

ती आली, तर आठवड्यातली ही दोन-तीन तासांची भेट टिकवा. दोघींचेच तास महिन्याला दहा-बारा होतात, रविवारचे पाच मिळवले की पंधरा-सतरा. वर्षभरात 200 च्या जवळ पोहोचता. मध्ये कधीतरी खरं काहीतरी सांगावं लागतं: बॉसचं वागणं, घरून लग्नासाठी येणारा दबाव, आलेला ताप. एका भेटीत एकच गोष्ट सांगा आणि तीही तिच्याकडचं काही सांगते का ते बघा. दोन महिने तुम्हीच बोलताय आणि ती फक्त ऐकतेय, तर वेग कमी करा. उलट एखाद्या दिवशी तिनंच कामाशिवाय फोन केला, किंवा घरमालकाशी बोलायला सोबत चल म्हणाली, तर गाडी रुळावर आहे.

एक धोका मात्र आधीच ध्यानात ठेवा. पावसाळ्यात सिंहगडावर रविवारी तुफान गर्दी होते, घाटात गाड्या अडकतात, वाट निसरडी होते. जूनमध्ये बरेच ग्रुप थंडावतात, आणि 'ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू करू' म्हणताना निम्मी माणसं सुटतात. त्यामुळे मे महिन्यातच त्या दोघींशी बोलून पावसाळ्याचं ठरवा: रविवारी सकाळी पर्वती, नाहीतर आळीपाळीनं एकमेकींच्या घरी नाश्ता. वेळ सकाळचीच ठेवा, म्हणजे सवय मोडत नाही.