बासष्टातले चौतीस

२०२१ साली प्रवेश घेतलेली मेकॅनिकलची मुलं यंदा बाहेर पडली आणि आमच्या कॉलेजच्या फाटकावर फलक लागला: अंतिम वर्षाचा निकाल ९२ टक्के. आठव्या सेमिस्टरला ५० मुलं बसली, ४६ पास झाली. हिशेब बरोबर होता, परीक्षा विभागातून तो मीच काढून दिला होता. त्याच आठवड्यात मानांकनाच्या कामासाठी वेगळा प्रश्न आला. त्या वर्षी जितकी मुलं आत आली, त्यांतली किती चार वर्षांत पदवी घेऊन गेली? विभागप्रमुख सर म्हणाले, "ताई, तेच ते. ९२ लिहून टाका."

मी लिहायला बसले खरी, पण ज्या यादीवरून ९२ काढले होते तिच्यातच २०२० च्या मुलांचे नामांकन क्रमांक होते. आमच्याकडे विद्यापीठाच्या या नोंदणी क्रमांकातच प्रवेशाचं वर्ष असतं. म्हणजे ही ५० मुलं एका बॅचची नव्हतीच.

मग उलट टोकापासून सुरुवात केली. प्रवेश रजिस्टर काढलं. ६० जागा, फी भरून आलेली ५४ मुलं. पुढच्या वर्षी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली आणखी ८. एकूण ६२. ही ६२ नावं एका शीटवर, आठव्या सेमिस्टरचा निकाल TR8 नावाच्या दुसऱ्या शीटवर, आणि जोडणी फक्त नामांकन क्रमांकावर. रोल नंबर दर वर्षी बदलतो आणि नावाचं स्पेलिंग फॉर्मागणिक बदलतं, त्यामुळे त्या दोन्हींवर विसंबलं की माणसं हरवतात. पहिल्या फटक्यात सगळ्या ६२ ओळींत `#N/A` आलं, म्हणजे एकही क्रमांक सापडला नाही. पीडीएफमधून उचललेल्या क्रमांकांच्या शेवटी एक मोकळी जागा चिकटलेली होती. दोन्ही शीटवरची ती TRIM ने काढली, मग हे चाललं:

```
=VLOOKUP(A2,'TR8'!A:F,6,0)
```

४५ ओळींत निकाल आला, १७ ओळींत `#N/A`. फाटकावरच्या फलकाला या १७ मुलांची गंधवार्ताही नव्हती, कारण जो परीक्षेला बसलाच नाही तो टक्केवारीत येत नाही. उलट्या बाजूने तोच फॉर्म्युला लावला तेव्हा निकालातली ५ मुलं प्रवेश रजिस्टरात सापडेनात. ती २०२० च्या बॅचची, ईयर डाउन होऊन खाली आलेली. पाचही पास. स्वतःच्या बॅचचा निकाल ज्यांच्यामुळे खाली आला, त्यांनीच पुढच्या बॅचचा वर नेला.

आपल्या ४५ पैकी ४१ पास. तरी इथेही थांबून चालत नाही. आठवं सेमिस्टर पास होणं म्हणजे पदवी मिळणं नव्हे. मागच्या सेमिस्टरचा एक जरी विषय राहिला असेल तर पदवी अडकते, पण आठव्याच्या निकालपत्रावर ठसठशीत 'पास' छापलेलं असतं. प्रत्येकाच्या सगळ्या सेमिस्टरच्या नोंदी टॅब्युलेशन रजिस्टरमध्ये एकेक करून पाहिल्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. ७ मुलांचा बॅकलॉग निघाला. पुनर्मूल्यांकनात सुटलेले मी वेळेवर धरले, कारण परीक्षा तीच होती. नंतरच्या परीक्षेत विषय काढणारे धरले नाहीत. उरले ३४.

आता भागायचं कशाने? `#N/A` आलेल्या १७ पैकी ३ मुलं ईयर डाउन होऊन खालच्या बॅचमध्ये होती, ती आपलीच. ४ जणांनी पहिल्या वर्षानंतर कॉम्प्युटर घेतलं, ती त्या शाखेच्या खात्यात जातात. राहिले १० टीसीवाले. मानांकन देणाऱ्या एनबीएच्या, म्हणजे नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनच्या, स्वयंमूल्यांकन अहवालात दुसऱ्या संस्थेत किंवा शाखेत गेलेली मुलं वजा करायची असतात. शिक्षणच सोडलेली वजा होत नाहीत. नियम योग्य आहे, पण आमच्या टीसी बुकात कारणाच्या रकान्यात दहाही जणांपुढे एकच शब्द होता: 'स्वेच्छेने'. वर्षानुवर्षं बाबू तोच लिहीत आले आणि कुणीही त्यांना टोकलं नाही. याचा मला राग आहे. एक ओळ नीट लिहिली असती तर चार वर्षांनी फोन करत बसावं लागलं नसतं.

मी दहाही घरी फोन केले. सहा मुलं दुसऱ्या कॉलेजात गेली होती, बहुतेक समुपदेशनाच्या पुढच्या फेरीत जागा मिळाली म्हणून. चौघांनी शिक्षण सोडलं होतं. त्यांतलं एक घर इंदूरच्या लोकमान्य नगरातलं. मुलाच्या आईने फोन उचलला. मी कॉलेजातून बोलतेय म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "काही भरायचं राहिलंय का?"

"नाही काकू, काही भरायचं नाही. तो सध्या काय करतो एवढंच विचारायचं होतं."

"सियागंजात दुकानावर जातो. गणितात राहिला होता ना पहिल्याच परीक्षेत, मग त्याचं मनच उडालं."

फोन ठेवला आणि आकडा पुरा केला. ६२ तून ४ शाखा बदललेले आणि ६ कॉलेज बदललेले गेले, राहिले ५२. ५२ पैकी ३४ म्हणजे ६५ टक्के. त्यातही डिप्लोमावाल्या ८ पैकी ७ वेळेवर सुटले, त्यामुळे पहिल्या वर्षापासून आमच्याकडे असलेल्यांचा आकडा ४४ पैकी २७, म्हणजे ६१ वर येतो. हे दोन गट वेगळे मोजले नाहीत तर डिप्लोमावाले बाकीच्यांना झाकतात.

पण काकूंचं ते वाक्य डोक्यातून जाईना. वेळेवर न सुटलेल्या अठरांतला एक डिप्लोमावाला सोडून बाकी सतराही जणांचं पहिलं सेमिस्टर मी उघडलं. शिक्षण सोडलेले चौघे आणि ईयर डाउन झालेले तिघे, सातही जण पहिल्या सेमिस्टरच्या गणितात नापास. बॅकलॉगवाल्या सातांपैकी पाचांचा अडकलेला विषय तोच, चार वर्षांनंतरही तोच. १८ पैकी १२. त्या परीक्षेत या बॅचची १९ मुलं गणितात राहिली होती आणि ती यादी २०२२ च्या सुरुवातीपासून आमच्याच कपाटात पडून आहे.

ती कुणी पाहिली नाही, याचं कारण मला माहीत आहे. पहिलं वर्ष मूलभूत विज्ञान विभाग चालवतो, त्यांच्याकडे मुलं वर्षभरच असतात. मेकॅनिकलवाल्यांच्या ताब्यात मुलं तिसऱ्या सेमिस्टरला येतात आणि ते तिथून पुढचं बघतात. पहिल्या सेमिस्टरचा निकाल दोघांपैकी कुणाचाच नाही. सरांना शीट दाखवली तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. भले माणूस आहेत, मुलांसाठी रात्री आठपर्यंत वर्कशॉप उघडं ठेवतात. म्हणाले, "ही मुलं तर माझ्यापर्यंत आलीच नाहीत हो." अहवालात त्यांनी ६५ वर सही केली. फाटकावर ९२ अजून आहे.

चालू पहिल्या वर्षाच्या निकालाची यादी या वेळी थेट त्यांच्या टेबलावर द्यायची, एवढं आमचं ठरलंय. टीसीच्या रकान्यात आता मी स्वतः विचारून लिहिते.

फोन ठेवायच्या आधी काकूंनी विचारलं होतं, "त्याला परत बसता येईल का हो, तेवढ्या गणिताला?" टीसी घेतल्यावर नामांकन चालू राहतं का, ते विद्यापीठाला लेखी विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही. त्याच्या ओळीतला शेवटचा रकाना मी रिकामा ठेवलाय.