आमची वाटचाल: तक्त्यातला सोलापूरचा रकाना

२०२१ मध्ये सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघी मैत्रिणींनी दुकानदारांच्या सोशल मीडिया पोस्ट करून द्यायला सुरुवात केली. चादरीवाले, शेंगाचटणीवाले, एक क्लास, एक हॉटेल. पुढच्या महिन्याच्या पोस्ट तारखांच्या तक्त्यात मांडून पंचवीस तारखेलाच शेड्यूल करायच्या आणि निर्धास्त व्हायचं.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत एका चादरीच्या दुकानाची पोस्ट १२ तारखेला सकाळी नऊला लावली होती. ‘गड्डा यात्रेचा धमाका’, मागे फुटणारे फटाके. आमच्या विकतच्या कॅलेंडरात त्या दिवशी जिजाऊ जयंती आणि युवा दिन एवढंच होतं. साडेनऊला दुकानाच्या काकांचा फोन आला. “ताई, आत्ताच चार पुतळ्यांना हार घालून आलो. आणि आज आपल्याच दुकानाच्या नावानं फटाके?” १९३१ साली याच तारखेला सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. सोलापुरात वाढलेल्या आम्हाला हे माहीत होतं, पण तक्त्यात नव्हतं. पोस्ट काढली, दुकानात जाऊन माफी मागितली.

त्या दिवशी तक्त्यात सोलापूरचा वेगळा रकाना आला. १२ जानेवारीला आता फक्त अभिवादन, ऑफर नाही. १३ आणि १४ ला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक असते. त्या मार्गावरच्या दुकानानं ‘आज संध्याकाळी या’ म्हणून उपयोग नाही, गिऱ्हाईक पोचणारच नाही. ती पोस्ट ११ ला सरकते. मोहरमची तारीख चंद्रदर्शनावर ठरते, म्हणून ती पोस्ट आधी लावतच नाही. आणि तो दुखवट्याचा दिवस, तयार डिझाइनमधला ‘शुभेच्छा’ शब्द आधी खोडतो.

बोर्डाचं वेळापत्रक आलं की तेही बसवतो. २०२५ मध्ये बारावी ११ फेब्रुवारीला सुरू झाली, दहावी २१ ला. पेपरच्या सकाळी ‘अजून वेळ गेलेली नाही, प्रवेश घ्या’ असं क्लासनं म्हणणं मला निर्दयी वाटतं. पेपर संपेपर्यंत क्लासच्या प्रवेशाच्या पोस्ट बंद.

दुखवटा मात्र आधी कळत नाही. २६ डिसेंबर २०२४ च्या रात्री मनमोहन सिंग गेले, दुखवटा १ जानेवारीपर्यंत जाहीर झाला. हॉटेलच्या थर्टी फर्स्टच्या सगळ्या पोस्ट प्लॅनरमधून काढून ड्राफ्टमध्ये टाकल्या. सकाळी पाहते तर नाचगाण्याची जाहिरात चालूच! पैसे भरून लावलेली जाहिरात Ads Manager मध्ये असते, प्लॅनर रिकामा केला तरी ती थांबत नाही. ती बंद केली. हॉटेलमालकांना फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, जेवणाचं टेबल बुकिंग राहू दे, संगीत काढा. साधा मजकूर करून तेवढीच पोस्ट ३० तारखेला लावली.