जीपच्या पाट्यांची नोंद : जाड मेन पाटा आधी का तुटला

गेल्या महिन्यात जांबोटीच्या रस्त्यावर उजव्या मागच्या चाकाखाली 'टण्' असा आवाज आला आणि जीप त्या बाजूला बसली. खाली वाकून बघितलं तर मेन पाटा यू-बोल्टच्या कडेला सरळ आडवा तुटलेला. बाकीचे सात पाटे ठणठणीत. आणि हा मेन पाटा तर दीड वर्षापूर्वीच मुद्दाम जाड घातलेला. सहाऐवजी आठ मिलिमीटरचा. मिस्त्री तेव्हा म्हणाले होते, "जाड घाल की, तुटतंय कशाला?" मलाही ते पटलं होतं, म्हणून दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारत नाही.

तुटलेला तुकडा घासलेटने धुऊन उन्हात धरला. वरच्या अंगाला, जिथे यू-बोल्टखालची पट्टी टेकते तिथे, गंजाचे बारीक खड्डे होते. त्यातल्या एकापासून शिंपल्यावर असतात तशा गोलसर रेघा आत गेलेल्या, आणि खालचा भाग मात्र खडबडीत, ताजा चमकणारा. म्हणजे चीर महिनोन्‌महिने वाढत होती, शेवटचा खड्डा फक्त निमित्त. वरचं अंगच का? गाडीचं वजन पाट्याची टोकं खाली दाबतं आणि अ‍ॅक्सल मध्याला वर ढकलतो. कमान सपाट होताना ताण वरच्या अंगाला येतो. सेंटर बोल्टच्या भोकातून तुटला असता तर मी आधी ढिल्या यू-बोल्टवर संशय घेतला असता. इथे यू-बोल्ट पक्के होते.

नवा सेट बसवण्याआधी या वेळी हिशोब करायचा ठरवलं. मापं अशी : मेन पाट्याच्या टोकाच्या एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत १००० मिमी, रुंदी b ६०, जाडी t ६, पाटे n ८, मध्यावरचा भार W ४००० न्यूटन, म्हणजे जवळपास ४०८ किलो. यू-बोल्टच्या पकडीतली ९० मिमी लांबी पूर्ण वाकत नाही. तिच्यातला दोन तृतीयांश भाग मेला असं धरायची रीत आहे, म्हणून हिशोबाची लांबी l ९४०. पोलादाचा ताठरपणा E दोन लाख. एकक सगळीकडे न्यूटन आणि मिलिमीटर.

उतरत्या लांबीच्या पाट्यांमागची कल्पना साधी आहे. मध्यात रुंद आणि दोन्हीकडे टोकदार होत जाणारी एक मोठी पातळ फळी डोळ्यासमोर आणा. ती उभी चिरून पट्ट्या एकमेकींवर रचल्या की झाला पाट्यांचा गठ्ठा. अशी फळी भाराखाली सगळीकडे सारखीच वाकते, तिचा गोलाचा तुकडा होतो, आणि ताणही लांबीभर सारखा राहतो.

```
σ = 3·W·l / (2·n·b·t²)
δ = 3·W·l³ / (8·n·E·b·t³)
δ = σ·l² / (4·E·t)
```

पहिल्या दोन ओळींतून माझ्या सेटला ताण σ ३२६ आणि मध्याचा लचक δ ६० मिमी येतो. खरी गंमत तिसऱ्या ओळीत आहे. तिच्यात पाटे किती, रुंदी किती, भार किती, काहीच नाही! लचक आणि लांबी ठरली की ताण फक्त जाडीवर. जाड पाटा तितकाच वाकवला तर त्याच प्रमाणात जास्त ताणला जातो. गठ्ठ्यात सगळे पाटे एकत्रच वाकतात, त्यामुळे आठ मिमीचा पाटा शेजारच्या सहा मिमीवाल्यांपेक्षा तिसरा हिस्सा जास्त ताण घेणार, हे ठरलेलंच.

पण मेन पाट्याची अजून एक अडचण आहे. तो टोकदार होत नाही. डोळ्यापर्यंत पूर्ण रुंदीचा जातो. त्याची टोकं वाकायला तयार नसतात, सगळा वाक मध्याकडे गोळा होतो. मध्याचा लचक तेवढाच असताना मधला वाक दीडपट होतो, आणि ताणही दीडपट. हे दोन्ही गुणक एकत्र केले की दीड गुणिले आठ भागिले सहा, म्हणजे बरोबर दुप्पट. हिशोबात जुन्या सेटचा लचक ४५ मिमीच्या आसपास येतो, खालच्या सात पाट्यांवर ताण २४७ आणि मेन पाट्यावर ४९४. सगळे सहाचे असते तर मेन पाट्यावर ४६० आणि बाकीच्यांवर ३०७ आला असता.

४६० आणि ४९४ मध्ये फार फरक वाटत नाही ना? मलाही वाटला नाही. मग बंप रबर आठवलं. खड्ड्यात चाक वर जाऊन रबराला आदळतं तोवर माझ्या गाडीत अजून ६० मिमी वाट आहे, आणि ती वाट पाटा जाड आहे म्हणून कमी होत नाही. त्या ६० मिमीला सहाच्या मेन पाट्यावर ४८८ वाढतात, आठच्यावर ६५१. एकूण ९४८ विरुद्ध ११४५. जांबोटीच्या पावसाळी रस्त्यावर असे धक्के दिवसाला शंभर, त्यात वर गंजाचा खड्डा. गाडी भाराने कमी बसते म्हणून आपल्याला मजबूत वाटते, एवढंच.

नवा सेट सगळा सहाचा करून घेतला. उद्यमबागेतल्या मित्राच्या शेडमध्ये तो उलटा, कमान वर करून, दोन गुळगुळीत पाइपांवर ठेवला. टोकं सरकायला मोकळी हवीत, नाहीतर सगळं माप खोटं येतं. मध्ये ९० मिमीची पट्टी यू-बोल्टने आवळली आणि वर सिमेंटची पोती चढवत गेलो. आठ पोती आणि सांगाडा मिळून ४०८ किलो. पोतं चढलं की पट्टीने मोजायचं, पूर्ण भार झाल्यावर वर अजून दोघांनी उभं राहून उतरायचं आणि पुन्हा मोजायचं. चढताना लचक ५३ आला, दोघे उतरल्यावर त्याच भाराला ६०. पाटे एकमेकांवर घासतात, ते घर्षण जाताना अडवतं आणि येतानाही अडवतं. सरासरी ५६.५. मेन पाटा पूर्ण रुंदीचा धरून केलेला हिशोबही ५६.५! इतकं जुळणं थोडं नशीबच म्हणा. एका बाजूचंच माप घेतलं असतं तर मी E ला शिव्या घालत बसलो असतो.

मेन पाट्यावरचे ४६० मात्र डोक्यात राहिले. यावर जुना उपाय म्हणजे खालच्या पाट्यांना मेनपेक्षा जरा जास्त कमान द्यायची. सेंटर बोल्ट आवळला की मेन पाटा उलट्या बाजूला ताणला जातो आणि भार आल्यावर आधी ते उधार फिटतं. सगळे पाटे सारखे ताणले जावेत यासाठी फट लागते :

```
C = 2·W·L³ / (n·E·b·t³)
```

इथे W आणि L अर्धे अर्धे घ्यायचे, २००० आणि ४७०. उत्तर २० मिमी. मिस्त्रींना सांगितलं, "मामा, बोल्ट आवळायच्या आधी मध्ये वीस मिमी फट दिसाय पाहिजे, आणि गॅसने तापवायचं न्हाई." तापवलं की पाण्याचा कस जातो आणि कमान आठवड्यात बसते. मामांनी थंड पाटे ऐरणीवर घनाने ठोकून आणले. फट भरली १२. पुन्हा ठोका म्हणायची माझी हिंमत झाली नाही. १२ मिमीला मेन पाट्यावर ३८० आणि बाकीच्यांवर ३१८ येतात, त्यावर मी भागवलं. गाडीचा मऊपणा यात बदलत नाही, फक्त ताणाची वाटणी बदलते.

यू-बोल्टखालच्या पट्टीच्या कडा फाइलने गोल केल्या आणि मध्ये जस्ताचा पातळ पत्रा टाकला. डावीकडे अजून आठवाला मेन पाटा आहे. तो रविवारी उतरवतोय, वरच्या अंगाला गंजाचे खड्डे किती ते बघायला.